सुटकेचा मनोरा आणि खारा वारा

हर्ण्याच्या उत्तरेला समुद्रावर कड्याने संपणारा एक उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आहे. १९८५च्या फेब्रुवारीत त्या सड्यावर पुण्याच्या एका संशोधन संस्थेने तंबू ठोकले, तेव्हा गावात पहिली बातमी पसरली ती अशी, की सरकार इथे तेल काढणार. दुसरी बातमी, सिनेमाचं शूटिंग. खरी बातमी आसिया मुकादमने स्वतः मामूला सांगितली, आणि मामूला ती पहिल्या दोन्हींपेक्षा खोटी वाटली.

"रॉकेटातून माणसं पळवायची?" जैनुद्दीनमामूने विचारलं. तो होडीला डांबर लावत होता.

"पळवायची नाही, मामू. वाचवायची. रॉकेट पेटलं तर वरच्या टोकाला माणसं बसलेली असतात ना, त्यांची कुपी तेवढी उपटून लांब न्यायची."

"कोण उपटणार?"

"कुपीच्या डोक्यावर एक मनोरा असतो. त्यात दुसरं छोटं रॉकेट. ते वरून खेचतं. विहिरीतून कळशी ओढतात तसं."

मामूने ब्रश थांबवला. "आणि त्या छोट्या रॉकेटाचा जाळ? तो खाली कुपीवरच येईल ना गो?"

आसियाला इतका आनंद झाला, की ती तिथेच वाळूत बसली. हाच प्रश्न तिला नोकरीच्या मुलाखतीत विचारला होता. तिने काडीने वाळूत चित्र काढलं. जाळ बाहेर पडायची तोंडं मनोऱ्याच्या वरच्या भागात, गोलाकार, आणि बाहेरच्या बाजूला तिरकी वळवलेली. जाळ कुपीच्या बाजूबाजूने निघून जातो. अगदी टोकाला आणखी एक चिमुकली मोटर असते, ती सगळ्यालाच समुद्राकडे कलवते. मग मनोरा सुटून पडतो, छत्री उघडते, कुपी पाण्यात.

"आणि पाण्यातून ती काढणार मी," मामू म्हणाला.

"त्याचे पैसे मिळणार तुला."

"ते राहू दे. जेवण कोण देणार?"

आसिया सत्तावीस वर्षांची होती. दापोलीच्या शाळेतून पुण्याला, तिथून इंजिनियर होऊन या संस्थेत. आदल्याच वर्षी आपला एक वैमानिक रशियाच्या रॉकेटातून अवकाशात जाऊन आला होता, आणि त्याच्या आधी काही महिने, त्याच देशात, उड्डाणाच्या ओट्यावरच पेटलेल्या रॉकेटातून दोन माणसांना अशाच मनोऱ्याने ओढून काढलं होतं. या दोन गोष्टी एकत्र ठेवून आसियाचे साहेब, डॉक्टर हरिश्चंद्र जोगळेकर, यांनी वरती टिपण पाठवलं होतं: उद्या आपलं रॉकेट असेल, तर हेही आपल्याला यायला हवं. वरून परवानगी आली, ती एका छोट्या नमुन्यापुरती. मीटरभर रुंदीची कुपी, आत माणसांच्या जागी वाळू भरलेली दोन पोती. पोत्यांना तंबूतल्या मंडळींनी बाबल्या आणि काशीराम अशी नावं दिली होती.

खाली रॉकेट नव्हतंच. लोखंडी पिंपांचा एक खांब उभा करून त्यावर कुपी बसवली होती. खांबाभोवती दीडशे मीटर त्रिज्येचं एक मोठं वर्तुळ चुन्याने आखलेलं. आसियाने ते आग्रहाने आखून घेतलं होतं. खरं रॉकेट फुटलं तर एवढ्या जागेत आग असेल. कुपी या वर्तुळाच्या बाहेर उतरली तरच माणसं वाचली.

सुटकेचा आदेश द्यायची पद्धतही तिनेच बसवली होती. पोत्यांच्या भिंतींच्या दोन वेगळ्या खोल्या, दोन बटणं. एकात जोगळेकर, दुसऱ्यात ती. ठरलेला शब्द वायरलेसवर उच्चारला, की दोघांनी पाच सेकंदांच्या आत बटण दाबायचं. एकट्याने दाबलं तर काही होत नाही. नाहीतर एखाद्याचा हात चुकून लागायचा आणि धडधाकट रॉकेटावरची माणसं आभाळात जायची. शब्द ठरला होता 'सुरंगी'. चुकून बोलण्यात येणार नाही असा हवा म्हणून.

चाचणी शुक्रवारी सकाळी आठला ठरली. मुंबईहून खात्याचे सचिव खानविलकर येणार होते. त्यांची जीप दापोलीहून निघाली आणि वाटेत पंक्चर झाली. स्टेपनीही पंक्चर होती.

साडेआठला, कुपी उचलायला समुद्रात होडी घेऊन थांबलेला मामू वायरलेसवर बोलला, "आसिया, मतलई आहे तोवर उरकून घ्या. दहा वाजले की वारा फिरतो. आता जमिनीवरून समुद्राकडे आहे, मग समुद्रावरून जमिनीकडे."

"पाहुणे यायचेत, मामू."

"वाऱ्याला सांग मग, थांब म्हणावं."

पाहुणे अकराला आले. आसियाने वाऱ्याच्या यंत्राकडे बघितलं. पश्चिमेचा वारा, सेकंदाला सात मीटर. तिने मनातल्या मनात हिशेब केला. कुपी अडीचशे मीटर वर जाणार, समुद्राकडे दोनशे मीटर. छत्रीखाली सेकंदाला सात मीटरने उतरणार, म्हणजे पस्तीस सेकंद हवेत. आणि तेवढा वेळ वारा तिला मागे ढकलणार.

ती साहेबांकडे गेली. "सर, वारा उलटा आहे."

जोगळेकर चष्मा पुसत होते. पन्नाशीचा, बारीक चणीचा, कधी आवाज न चढवणारा माणूस. "आसिया, रॉकेट पेटताना वारा बघून पेटतं का?"

"नाही सर, पण—"

"मग सुटकेच्या यंत्रणेने कुठल्याही वाऱ्यात चालायला हवं. मोटर पेटते का, मनोरा सुटतो का, छत्री उघडते का, एवढं आज बघू. सचिवसाहेबांना दुपारच्या जेवणाला दापोलीत पोचायचंय."

या बोलण्यात काहीतरी चूक होती, पण ती नेमकी कुठे हे तिला त्या क्षणी सापडेना. पाहुणे खुर्च्यांवर बसलेही होते, चारशे मीटर लांब मंडपात. ती आपल्या खोलीत गेली.

"सुरंगी," वायरलेसवर जोगळेकरांचा आवाज आला.

तिने बटण दाबलं.

कानठळ्या बसल्या. पिंपांवरून कुपी गेली ती डोळ्यांना दिसलीच नाही. दिसला तो फक्त धूर आणि त्याच्या टोकावर मनोऱ्याच्या अंगाने फुटलेली जाळाची फुलं. दीड सेकंद. मग शांतता, आणि वर, समुद्राकडे कललेला एक ठिपका. मनोरा सुटला, गिरक्या घेत पाण्यात पडला. छोटी छत्री, मग मोठी, लाल-पांढरी. आसिया बाहेर धावली. सगळं बरोबर झालं होतं. अगदी सगळं.

मग छत्री मागे यायला लागली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मंडपात टाळ्या चालू होत्या. छत्री समुद्रावरून कड्यावर आली, कड्यावरून सड्यावर. चुन्याची रेघ तिने सावकाश, अगदी ऐटीत ओलांडली. मंडपाच्या आचाऱ्याने झारा टाकून पळ काढला. कुपी पिंपांपासून चाळीस मीटरवर, करवंदीच्या जाळीत, धप्पकन बसली.

"शाब्बास!" खानविलकर साहेब उठून उभे राहिले. "जिथून उडालं, तिथंच आणून उतरवलंत! एवढी अचूकता मी परदेशातसुद्धा बघितली नाही!"

वायरलेस खरखरला. "आसिया," मामू विचारत होता, "माझ्याकडे कायतरी येणार होतं ना?"

जोगळेकर सर हात जोडून सचिवांसमोर उभे होते. त्यांनी आसियाकडे पाहिलं. 'धन्यवाद साहेब' एवढं म्हटलं तरी पुरलं असतं, आणि पुढच्या वर्षीचा निधी मंजूर झाला असता. बटण तिनेही दाबलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "हे अपयश आहे."

सचिव हसले. त्यांना विनय वाटला.

"ती पांढरी रेघ आहे ना, तिच्या आत आग असणार होती. आमची कुपी आगीतून निघाली आणि परत आगीत उतरली. बाबल्या आणि काशीराम मेले."

"कोण मेलं?" सचिव दचकले.

पोती उघडून दाखवावी लागली. सचिवांनी पोती पाहिली, चुन्याची रेघ पाहिली. मग जोगळेकरांकडे वळले. "या म्हणतात ते बरोबर आहे?"

जोगळेकरांनी चष्मा काढला, आणि आसियाला वाटलं, आता आपली बदली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि यांनी मला आधीच हे सांगितलं होतं. मी म्हणालो, आग वारा बघून लागत नाही. ते खरं आहे. पण उड्डाण वारा बघून करता येतं."

मघाशी न सापडलेली चूक ती हीच. आसियाने ताबडतोब पुढचं जोडलं. "ज्या वाऱ्यात माणसांना वाचवता येणार नाही, त्या वाऱ्यात रॉकेट सोडायचंच नाही. सगळं तयार असलं तरी. पाहुणे आले असले तरी."

"मंत्री आले असले तरी?" खानविलकरांनी विचारलं.

"मंत्री आले असले तरी."

"मग तसं लिहा," सचिव म्हणाले, "आणि माझ्याकडे पाठवा. पुढच्या वेळी कोणीतरी माझ्यासारखा उशिरा येईलच." त्यांनी तिथेच, तंबूत, आचाऱ्याच्या हातची सुरमई खाल्ली, दोनदा मागून घेतली, आणि मुंबईच्या वाटेने परत गेले. दापोलीचं जेवण राहिलं.

दुसरी मोटर पुण्याहून ट्रकने यायला अकरा दिवस लागले. या वेळी पाहुणे नव्हते, मंडप नव्हता. सकाळचे सात. जोगळेकरांनी स्वतः वाऱ्याचं यंत्र वाचलं: पूर्वेचा वारा, चार मीटर. तरी त्यांनी आसियाला सांगितलं, "तुमच्या मामूंना विचारा."

"मतलई चांगली आहे," मामू म्हणाला. "द्या पाठवून."

त्याच कानठळ्या, तोच धूर. छत्री उघडली आणि कड्यापासून लांब लांब जात राहिली. मामूच्या होडीपासून हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ ती पाण्यात उतरली. सड्यावर जोगळेकरांनी आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवली. ती नीट वाजली नाही.

आसिया दुसऱ्या होडीतून तिथे पोचली, तेव्हा वाऱ्याने फुगलेली छत्री कुपीला फरफटत नेत होती. बघता बघता कुपी पूर्ण उलटी झाली, बूड वर, डोकं खाली. मामूने होडी आडवी घातली आणि कोयतीने छत्रीचे दोर सपासप तोडले. कुपी थांबली, पण सरळ झाली नाही. शिंपल्यासारखी उलटी डुलत राहिली.

मामूने तिच्या बुडावर हात ठेवला.

"आसिया, हे आतले लोक आता वटवाघळासारखे लटकलेत गो."

"हो मामू," ती म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

"जाळ्याला आम्ही बोयऱ्या बांधतो, ते तरंगत राहावं म्हणून. हिच्या डोक्याला बांध की."

"फुगवायच्या बांधाव्या लागतील. पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणाऱ्या."

"ते तुझं तू बघ," मामू म्हणाला आणि दोर तिच्याकडे फेकला. "आधी हे धर. ओहोटी लागायच्या आत हर्ण्याला न्यायचंय."