मालकाचा ई-मेल

गिऱ्हाइकं तिला सेटिंगताई म्हणत. काहीही अडलं की ती आपली एकच विचारायची, "सेटिंगमध्ये काय दिसतंय?" त्यावरून हे नाव चिकटलं आणि तिनेही ते मनाला लावून घेतलं नाही. लोकांची ऑनलाइन दुकानं उभारून द्यायची, चालवायला शिकवायची आणि मग महिन्याच्या फीवर पाठीशी राहायचं, हा तिचा धंदा.

बाजारात लोकर विकणाऱ्या लोकरवाल्यांचं काम तिच्याकडे आलं ते धाकटीमुळे. धाकटी म्हणजे लोकरवाल्यांच्या भावाची बायको. नवरा गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत बसून ती तान्ह्या बाळांचे स्वेटर, टोपडी, मोजे विणायची. विणकाम असं की आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली, हे बघणाऱ्याने सांगून दाखवावं. पदरात लेक शाळेत जाणारी, आणि स्वतःचं म्हणून दुसरं काही नाही.

ऑनलाइन दुकान शॉपिफाय नावाच्या सेवेवर उभं राहिलं. फोटो धाकटीने खिडकीपाशी पांढरी चादर अंथरून काढले. प्रत्येक स्वेटरखालचा मजकूरही तिचाच. "बाळाच्या हनुवटीला टोचत नाही" हे वाक्य सेटिंगताईला सात जन्मांत सुचलं नसतं. मापं, रंग, पाठवणीचे दर भरून झाले, खोटी ऑर्डर टाकून पैशाची वाट तपासून झाली, आणि हस्तांतराचा दिवस आला.

तोवर दुकान सेटिंगताईच्या पार्टनर खात्यात, म्हणजे दुसऱ्यांसाठी दुकानं बांधणाऱ्यांच्या खात्यात, तयार होत होतं. आता ते सोडायचं, म्हणजे नवीन मालकाचा ई-मेल टाकायचा. त्याला निरोप जाणार, तो स्वीकारणार, प्लॅन निवडून स्वतःचं कार्ड भरणार. पुढे दुकान त्याचं.

"वहिनी, तुमचा ई-मेल सांगा."

"माझा कशाला? भावजींचा टाका," धाकटी लोकरवाल्यांकडे बघत म्हणाली. "घरात मोठं माणूस असताना माझं नाव पुढे कसं करायचं? बरं दिसत नाही ते."

"इथे मालक एकच असतो. बाकी सगळे स्टाफ. जो काम करतो त्याचंच नाव असलेलं बरं."

धाकटी हसली. "अहो ताई, आम्ही काय परके आहोत एकमेकांना?"

लोकरवाले शेजारीच गल्ल्यावर होते. ते नुसता चष्मा पुसत राहिले. सेटिंगताईने एकदा सांगितलं होतं. लोकांच्या घरात दुसऱ्यांदा बोट घालायची तिची रीत नव्हती. तिने भावजींचा ई-मेल टाकला. धाकटीलाही आत येता यावं म्हणून स्टाफची सोय असलेला प्लॅन घ्यायला लावला, आणि लोकरवाल्यांच्याच हातून धाकटीचं खातं उघडून घेतलं. शिकवणी झाली तेव्हा धाकटी एकेक गोष्ट करून बघत होती आणि लोकरवाले खुर्चीत डुलक्या घेत होते.

"भावजी, बघताय ना?"

"बघतोय, बघतोय. तू शिक, तुलाच करायचंय."

दुकान चाललं. लांबलांबहून ऑर्डरी येऊ लागल्या. कुणी आजी नातवाचा फोटो पाठवायची, कुणी तोच रंग पुन्हा मागायची, आणि धाकटी प्रत्येकीला दोन ओळी लिहायची. सपोर्टची फी लोकरवाले वेळेवर भरत. सगळं गोडीगुलाबीत होतं. मग एकदा धाकटीने जेवताना सहज विचारलं, की भावजी, पोरीची फी भरायची असते, तर स्वेटरचे पैसे माझ्या खात्यात घेतले तर चालतील का?

पुढच्याच आठवड्यात सेटिंगताईला फोन आला.

"धाकटीला काढायचंय त्यातून," लोकरवाले म्हणाले. "आणि सूनबाईला घालायचंय."

सेटिंगताई घाईने म्हणाली, "मला ते करता येत नाही दादा. माझ्याकडे डिझाइनचा, मालाचा अ‍ॅक्सेस आहे. माणसं घालायचं-काढायचं मालकाच्या हातात."

"मग येऊन दाखवा. महिन्याला एक तास शिकवणी आहे ना तुमच्या फीत? आम्ही अजून एकदाही घेतली नाही."

खरं होतं. करार तिनेच लिहिलेला.

ती गेली. जाताना ठरवलं होतं, त्यांना समजावायचं. पण दुकानात लोकरवाले लॅपटॉप उघडून बसलेले, अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, परीक्षेला बसल्यासारखे. शेजारी नवी सून, मान खाली. मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं, आतून चिकटपट्टी ओढल्याचा चर्र चर्र आवाज. धाकटी पार्सलं बांधत होती.

"दादा, एकदा त्यांच्याशी बोलून तर बघा," सेटिंगताई हळूच म्हणाली. "दुकान त्यांच्या हातावर चालतंय."

"मग हात कुठे काढतोय मी तिचे? विणायचं तिने. नगावर पैसे देईन, वेळच्या वेळी. आज खातं मागितलं, उद्या दुकान मागेल." त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "भाऊ गेल्यापासून सांभाळतोय ना मी? लोकर माझी, जागा माझी, नावही माझंच टाकलंय. तुम्हीच टाकलंत. दाखवा."

"मी नाही दाखवणार, असं म्हटलं तर?"

"तर दुसऱ्या कुणाला बोलावू. गावात तुम्ही एकट्याच आहात का सेटिंगवाल्या?"

तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सेटिंग उघडायला सांगितली. युझर्सवर बोट ठेवा. यादी येईल. धाकटीच्या नावावर दाबा. खाली सरका. पासवर्ड विचारला तर तुमचा घाला. लोकरवाल्यांचं बोट चुकत होतं. दोनदा ते भलतीकडेच गेले, आणि तिने दोन्ही वेळा त्यांना परत जागेवर आणलं.

"हे?"

"हो. ते."

त्यांनी दाबलं. यादीतलं एक नाव गेलं.

चिकटपट्टीचा आवाज चालूच राहिला. मग थांबला. दार ढकलून धाकटी बाहेर आली, हातावर उघडा लॅपटॉप, खांद्यावर मोजपट्टी.

"बरं झालं ताई, तुम्हीच आलात. मला बाहेर टाकतंय हे. पार्सल पाठवल्याची नोंद करत होते, मधेच..."

लोकरवाल्यांनी चष्मा काढला. धाकटीने त्यांच्यासमोरचा लॅपटॉप पाहिला, मग सेटिंगताईकडे पाहिलं.

"काढलंय तुम्हाला वहिनी," सेटिंगताई म्हणाली. दुसरं कोण सांगणार होतं?

"तुम्ही?"

"मी दाखवलं."

धाकटीने लॅपटॉप काउंटरवर ठेवला, अगदी सावकाश, झोपलेलं मूल ठेवावं तसा. सेटिंगताई तिला दाराशी घेऊन गेली. "मी तुमचं वेगळं दुकान काढून देते. पैसे नकोत. तुमच्या ई-मेलवर."

"आणि लोकर कुणाची आणू? बसू कुठे?" धाकटी तितक्याच हळू म्हणाली. "त्या सगळ्या आज्या मला कुठे शोधतील? त्यांचे पत्ते तर त्यातच राहिले."

सेटिंगताई मागे वळली. तिने लोकरवाल्यांना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून माझा सपोर्ट बंद, अ‍ॅक्सेसही काढून टाका.

"काढू की. आता येतं आम्हाला." ते सुनेकडे वळले. हस्तांतराच्या दिवसापासून पहिल्यांदाच ते हसले. "हिला शिकवायचं तेवढं राहिलं. त्याचे वेगळे पैसे लावणार असाल तर राहू द्या. धाकटीला सगळं येतंच."

सुनेने वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "काकू, राहू द्या. मी बघते माझं मी."

"तुला नाही जमायचं," धाकटी म्हणाली. "ऑर्डरी पडून आहेत. बाळं थांबत नाहीत कुणासाठी, आठवड्यात स्वेटर तोकडा होतो."

तिने स्टूल ओढलं आणि सुनेच्या शेजारी बसली. लोकरवाल्यांनी सुनेचं खातं उघडलं, या वेळी कुणाला न विचारता.

"आधी माप बघायचं," धाकटी सांगू लागली. "मग पत्ता. पत्ता नीट वाचायचा, घाई नाही करायची. आणि नोंद केली की त्यांना दोन ओळी लिहायच्या."

"काय लिहायचं काकू?"

धाकटीने खांद्यावरची मोजपट्टी काढली आणि बोटाभोवती गुंडाळू लागली. सेटिंगताई पायरी उतरली. मागे लोकरवाले म्हणत होते, "लिहा काहीतरी. मी आहेच."