थांबा नावाची फाईल

बाळाचा ताप तीन दिवस झाले उतरत नव्हता. ऋतुजाचं डोकं जडावलं होतं, डोळे चुरचुरत होते. त्यात आज नवरा, संगमेश, कामासाठी मंगळवेढ्याला गेलेला. शेअरची आपोआप खरेदी-विक्री करणारी त्याची स्क्रिप्ट, म्हणजे त्यानं लिहिलेला छोटा प्रोग्राम, लॅपटॉपवर चालू होती आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम ऋतुजाकडे.

सासऱ्यांची, महादेवप्पांची, एकच अट होती. एका दिवसात पाच हजारांवर तोटा झाला की हे बंद, संगमेशनं नव्या पेठेतल्या घरच्या दुकानात बसायचं.

जाताना तो म्हणाला होता, "शंका आली तर फोल्डरमध्ये 'थांबा' नावाची फाईल ठेव. प्रत्येक ऑर्डरआधी स्क्रिप्ट ती बघते. दिसली तर एकही ऑर्डर जात नाही. निवांत रहा की."

अकराला बाळ किंचाळायला लागलं. तिनं फाईल ठेवली, म्हटलं आता काळजी नाही, आणि बाळाला घेऊन दवाखान्यात गेली.

परत आली तेव्हा पावणेएक वाजला होता. बाळाला अप्पांच्या मांडीवर देऊन तिनं लॅपटॉप बघितला. पडद्यावर एकच ओळ मिनिटामिनिटाला उमटली होती : विक्री हवी, थांबा फाईल आहे, ऑर्डर पाठवली नाही.

सकाळी घेतलेले शेअर तसेच पडून होते. दोन हजार तोटा झाला की स्क्रिप्ट ते विकणार होती, पण ती विक्रीही एक ऑर्डरच. भाव पडला की आपोआप विकायची ऑर्डर ब्रोकरकडे आधी लावून ठेवलेली नव्हती. तोटा सहा हजारांवर गेला होता.

संगमेशचा फोन लागेना. फाईल काढली तर स्क्रिप्ट काय काय करेल, तिला सांगता येईना. तिनं मोबाईलवर ब्रोकरचं ॲप उघडलं आणि सगळे शेअर स्वतः विकले. सहा हजार दोनशे.

दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. तिनं सगळं सांगितलं.

"फाईल काढलीस?"

"नाही. हातानं विकले."

"बरं केलंस. आता काढूच नको. स्क्रिप्टच्या नोंदीत शेअर अजून आपल्याकडंच हायत, परत विकायला जाईल. खरेदीच अडवायला पाहिजे होती गं. विक्रीला अडवायची गरज नव्हती. मीच तसं लिहिलं." मग हळूच म्हणाला, "अप्पांना इतक्यात सांगू नको."

"ते इथंच बसलेत, अहो."

अप्पांनी बाळाचं कपाळ चाचपलं. "किती गेले?"

"सहा हजार दोनशे. फाईल मीच ठेवली होती, अप्पा."

"ठेव म्हणून कुणी सांगितलं?"

तिनं हातातल्या फोनकडं बोट केलं.

"त्याला म्हणावं, लवकर ये," अप्पा म्हणाले. "आणि उद्या दहाला दुकानात. तू झोप जरा. बाळ माझ्याकडं हाय."

तिनं फोनवर शब्दाला शब्द तेच सांगितलं. फाईल तशीच ठेवून लॅपटॉपपासून उठली आणि भिंतीला लागून आडवी झाली. झोप मात्र येईना.