काळ्या हस्तांचा चौक

मेघालीला साखरपुडा आणि लग्न दोन्ही घरातच हवं होतं. तिचे वडील दौलत यांनी एकच अट घातली होती. साखरपुडा घरात नीट पार पडला तर लग्नही इथेच. नाहीतर काल्हेरच्या रस्त्यावरचा हॉल.

भिवंडीच्या जुन्या पेठेतलं हे घर सागवानी आहे, लांबट, एका ओळीत तीन चौकांचं. तोंड पश्चिमेला, खाडीकडे. दिंडी दरवाजातून आत शिरलं की पहिला चौक लागतो. दौलतचे पणजोबा इथे भाताचा आणि मिठाचा व्यापार करत. माल इथे उतरे आणि गिऱ्हाईक भोवतीच्या ओसरीवर बसे. त्यानंतरचा मधला चौक घरच्यांचा. त्याच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला माजघर. सर्वांत मागे तिसरा चौक, तिथे विहीर, स्वयंपाकघर आणि धान्याची कोठी. तिन्ही चौकांभोवती खांब आहेत, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पसरलेले लाकडाचे दोन हात. त्यांना हस्त म्हणतात. वरच्या तुळईचा भार ते पेलून खांबावर आणतात. कोरीव काम नसलं तरी त्यांचं काम अडत नाही.

साखरपुड्याच्या दिवशी आचाऱ्याने लाकडाच्या दोन भट्ट्या पहिल्याच चौकात लावल्या. टेम्पो दारात थांबत होता, सामान उतरवून लगेच मांडता येत होतं. सकाळी सगळं ठीक चाललं. थंडीच्या दिवसांत सकाळचा वारा पूर्वेकडून येतो. तो धूर दाराबाहेर नेत होता. दुपारच्या आधी वारा फिरला आणि खाडीकडून येऊ लागला. मग धूर दिंडीच्या बाजूने ढकलला जाऊन सरळ मधल्या चौकात शिरला. देवघरासमोर पाट मांडणाऱ्या बायका खोकत बाहेर आल्या.

"झालं समाधान?" दौलत मुलीला म्हणाले. "चारला सासरची माणसं यायची आहेत. मी हॉलवाल्याला फोन लावतो."

मेघालीने डोळे पुसले. डोळ्यांत धूर गेला होता की दुसरं काही, ते कळत नव्हतं.

दौलतचे थोरले चुलतभाऊ पंढरीअण्णा नारपोलीच्या शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, "फोन अर्ध्या तासाने लाव. मेघाली, पूर्वी, चला माझ्याबरोबर." पूर्वी ही त्यांची दहा वर्षांची नात.

पहिल्या चौकात त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं. "हस्त कसे दिसतात?"

"वेली आहेत, पोपट आहेत," पूर्वी म्हणाली. "आणि स्वच्छ आहेत."

"मधल्या चौकात?"

पूर्वी पळत जाऊन आली. "चौकाकडच्या बाजूला फुलं आहेत. माजघराकडची बाजू साधी."

"पाहुण्यांना दिसेल तिथे कोरलं. आता मागे."

तिसऱ्या चौकातले हस्त साधे होते, एकही फूल नाही. पण वरपासून खालपर्यंत काळे, आणि बोट लावलं तर चिकट. मेघालीने वर पाहिलं. पूर्वेकडचं मागचं छप्पर ठेंगणं होतं, त्यावरून उघडं आभाळ दिसत होतं.

"म्हणजे धूर कायम इथेच व्हायचा," ती म्हणाली. "आणि दुपारनंतर खाडीचा वारा घरातून येऊन तो या ठेंगण्या छपरावरून बाहेर नेतो. घरात परत कुठे जाणार? अण्णा, भट्टी इथे हवी."

"हवी. पण टेम्पोतलं सामान देवघरासमोरून कसं आणशील?"

तिने चौकाच्या कडेने नजर फिरवली. मग घराच्या उत्तरेच्या भिंतीलगतचा अरुंद बोळ तिला आठवला. गोणी घेतलेला माणूस आणि समोरून हंडा आणणारी बाई एकमेकांना न लागता जातील एवढाच तो रुंद आहे. रस्त्यापासून थेट तिसऱ्या चौकात येतो, म्हणून जुन्या काळी भात कोठीत आणि पाणी ओसरीवर माजघर न ओलांडता जायचं.

"बाबा, बोळ मोकळा करायला हवा," तिने परत येऊन सांगितलं.

"बोळात माझे सुताचे खोके आहेत," दौलत म्हणाले. "आपल्या पॉवरलूमचा सगळा माल. कुठे ठेवू, डोक्यावर?"

"पहिल्या चौकात," अण्णा म्हणाले. "माल उतरवण्याची जागा तीच. आचारी निघाला की तिथे जागाच जागा."

दौलत पुटपुटले, पण शर्टाच्या बाह्या त्यांनीच वर केल्या. खोके ओसरीखाली रचून त्यावर सतरंजी टाकली. दोन भट्ट्या बोळातून मागे गेल्या. आचारी कुरकुरला, "भाऊ, इतना घुमाव?" पण विहीर हाताशी आल्यावर कामाला लागला.

सासरची माणसं आली तेव्हा पुरुष पहिल्या ओसरीवर बसले, बायकांना माजघरात नेलं, विधी मधल्या चौकात झाला. पंगतीचं वाढप मागून त्याच बोळाने आलं, त्यामुळे विधीच्या मधून कुणालाही जावं लागलं नाही. धूर कुठेच नव्हता.

पाहुणे गेल्यावर दौलत आचाऱ्याजवळ गेले. "लग्नाला चार भट्ट्या लागतील ना? विहिरीपासून थोड्या लांब, मागच्या भिंतीला लावा. आणि सामान बोळातूनच आणायचं, आधीच सांगून ठेवतो."