दर्यात गेलेला मोजायचा नाही

धाकट्या डहाणूच्या संगीताची पोर भाविनी वर्षात दोनदा पडली आणि दोन्ही वेळा गावाने एकच निदान ठोकलं: काही नाही गो, चक्कर आहे. निदान करायला गावाचं काय जातंय? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पहिल्या वेळी गाव बरोबर होतं, हे संगीतानेही कबूल केलं असतं. पंधरा ऑगस्टला पोरगी उपाशीपोटी तासभर उन्हात झेंड्याखाली उभी होती. आधी कानात गुंई झालं, घाम फुटला, तोंड पिवळं पडलं. शेजारच्या निलमला म्हणाली, "मला काळं दिसतंय," आणि तिचा खांदा धरून हळूच खाली बसली, मग कलंडली. पाय वर केले, पाणी मारलं, दोन मिनिटांत उठली. डहाणूच्या डॉक्टरांनी नाडी, बीपी, रक्त बघून सांगितलं, "अशी चक्कर कित्येकांना येते. उपाशी राहू नको, पाणी पी, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की लाजू नको, तिथेच आडवी हो." झालं.

दुसरी वेळ डिसेंबरातली. कॉलेजचे खेळ होते. बाजारात पापलेटाच्या टोपलीशी बसलेल्या संगीताला कुणीतरी सांगत आलं तशी ती टोपली शेजारणीच्या हवाली करून धावत सुटली. मैदानावर पोहोचली तर भाविनी शुद्धीवर होती. हनुवटी फुटून ओढणी लाल झालेली, आणि कुणीतरी तिच्या नाकाशी कांदा धरून बसलेलं.

"काळजी नको हो," खेळाचे सर म्हणाले. "मागच्यासारखीच चक्कर. जेवली नसेल."

"भरपेट भाकरी खाऊन आलीय," संगीता म्हणाली. "आणि तो कांदा बाजूला करा आधी."

मासळी विकून वीस वर्षं झाली होती तिला. गिऱ्हाईक डोळ्यांत बघून खोटं बोलतं तेव्हाही ती ओळखायची. पण इथे कुणी खोटं बोलत नव्हतं, सगळे नुसतं न बघता बोलत होते. तिने निलमला बाजूला घेतलं. निलम शेजारच्याच पट्ट्यात पळत होती.

"नीट सांग. आधी काय बोलली?"

"काहीच नाही मावशी. जोरात पळत होती, माझ्या पुढे होती. आणि पळता पळताच पडली. तोंडावर."

"हात टेकले?"

निलमने मान हलवली. "नाही. हात पण टेकले नाहीत. दोनदा अंग झटकलं. मी हाक मारेपर्यंत डोळे उघडले आणि विचारते, शर्यत संपली का?"

माणूस ठेचकाळला तरी हात पुढे करतो. जिला हातसुद्धा पुढे करायला वेळ मिळाला नाही, तिला काय झालं होतं? मागच्या वेळी पोरगी बसली होती. या वेळी पडली होती. दोन्हीला एकच नाव द्यायला ती काय आंधळी होती?

घरी सासू वेणू दारातच उभी होती आणि ओट्यावर सासूचा भाऊ काळूमामा. काळूमामा जुना तांडेल. बोटीवर हुकूम सोडायची सवय, ती जमिनीवरही सुटली नव्हती.

"दवाखाना कशाला?" मामा म्हणाला. "अख्ख्या बंदरात बोभाटा होईल, पोरीला फेफरं येतं म्हणून. उद्या कोण करील तिला? नविनला येऊ दे."

नविन, भाविनीचा बाप, बोटीवर होता. अजून चार दिवस येणार नव्हता.

"आणि तोवर ती परत पडली तर?"

"चक्कर ती चक्कर, सुनबाई."

"मामा, तुम्ही बोट चालवता ना? मग बोट चालवा," संगीता म्हणाली. "पोर माझी आहे. लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू. त्यासाठी आधी ती जिवंत पाहिजे."

मामाला असं तोंडावर बोलायची आजवर कुणाची बिशाद झाली नव्हती. रिक्षा आली तेव्हा पदर खोचून वेणूही चढून बसली. लक्ष ठेवायला की सोबतीला, देव जाणे. निलमला संगीताने हाताला धरून आणलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, ड्युटीने दमलेल्या. "चक्कर" ऐकून त्यांनी सुरुवातीला सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. संगीताने टेबलावर हात ठेवला.

"मॅडम, आधी ऐका. ही उभी असताना नाही पडली. पळताना पडली. आधी काही कळलं नाही, हात टेकले नाहीत, आणि लगेच उठली. ही निलम, हिने डोळ्यांनी पाहिलंय."

मॅडमचा पेन थांबला. "पाहणारीला घेऊन आलात, हे फार चांगलं केलंत." मग त्यांनी निलमला विचारलं, भाविनीला विचारलं, जीभ चावली का, छातीत धडधडलं का, कपडे ओले झाले का.

"काहीच नाही," भाविनी म्हणाली. "पळत होते. मग एकदम निलमचं तोंड दिसलं."

हनुवटीला टाके घालण्याआधी मॅडमनी ईसीजी काढला. कागद बाहेर आला. मशीनने वर काही छापलं होतं, पण मॅडमनी पट्टी घेतली आणि बारीक चौकोन स्वतः मोजले. परत मोजले. दुसरा कागद काढला. तोही मोजला.

"हृदयाचा प्रत्येक ठोका झाला की पुढच्या ठोक्याआधी त्यातली वीज परत भरावी लागते," त्या म्हणाल्या. "हिची भरायला फार वेळ लागतोय. साडेचारशे मिलिसेकंदांच्या आसपास असायला हवं, इथे पाचशेच्या वर दिसतंय. अशात जोरात पळलं, पोहलं, तर ठोका बिघडू शकतो. हृदय नुसतं थरथरतं, रक्त मेंदूला जात नाही आणि माणूस कोसळतो. नशीब असेल तर ठोका आपोआप जाग्यावर येतो."

"आणि नसेल तर?" संगीताने विचारलं.

मॅडमनी उलट विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"नाही," वेणू झटकन म्हणाली.

संगीतानेही "नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच सांगायचं तर तिच्या मनातही कुणी आलं नव्हतं. सासरा म्हातारा होऊन गेला. आजेसासू दम्याने. आणि धर्मेश? तो दर्यात गेला. किनाऱ्यावरच्या घरांत आजाराने गेलेले एका हाताच्या बोटांवर मोजतात आणि दर्यात गेलेले दुसऱ्या. ते कधी एकत्र मोजायचे नसतात.

मॅडम म्हणाल्या होत्या, पोहलं तर.

"माझा दीर," संगीता म्हणाली. "धर्मेश. एकोणीस वर्षांचा. खाडीत बुडाला."

"संगीता!" वेणूचा आवाज चिरला. "त्याचं नाव काढायचं नाही!"

"काढणार आई. आज काढणार. मला घराबाहेर काढा, पण नाव काढणार." "शिमग्याच्या दिवशी बोटीचा दोर सोडवायला उडी मारली. भरती नव्हती, छातीएवढं पाणी होतं. पोहण्यात त्याचा हात धरणारा गावात नव्हता. चार हात मारले आणि गेला. ओरडला पण नाही."

"दारू प्यायला होता का?" मॅडमनी हळूच विचारलं.

"गाव तेच म्हणतं," संगीता म्हणाली.

बावीस वर्षं गाव तेच म्हणत होतं. शिमगा होता, पोरगा तरणा होता, मग आणखी काय असणार? म्हणूनच त्या घरात त्याचं नाव बंद होतं. मेल्याचं दुःख लोक वाटून घेतात, पण बदनामीचं ओझं घरच्यांनीच वाहायचं असतं.

वेणू भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम पुढे आली.

"मी त्याचं तोंड हुंगलं होतं," ती म्हणाली. "वाळूवर आणून ठेवला तेव्हा. मी त्याच्या तोंडात तोंड घालून हुंगलं. खारं पाणी होतं. दारू नव्हती. मी सगळ्यांना सांगितलं. म्हणाले, आई आहे, म्हणणारच." तिने मॅडमचा हात धरला. "बाय, तो काय या रोगाने गेला?"

"आता खात्रीने सांगता येणार नाही आजी," मॅडम म्हणाल्या. "पण हा आजार घराण्यात उतरतो, आणि चांगलं पोहणारं माणूस पाण्यात अचानक जातं ते यातही होतं. जुळतंय."

"खात्री नाही म्हणता," वेणू म्हणाली. "गावाला तरी कुठे होती?"

त्या संध्याकाळी भाविनीला मॉनिटर लावून ॲम्ब्युलन्सने मुंबईला पाठवलं. मोठ्या डॉक्टरांनी तेच निदान पक्कं केलं. रोज गोळी, एक दिवससुद्धा चुकवायची नाही. पळणं बंद, पाण्यात उतरणं बंद, आणि दुकानातून कुठलंही औषध घेण्याआधी आजाराचा कागद दाखवायचा. भाविनी दोन दिवस रडली, कारण पळणं तिचं फार आवडतं होतं. संगीताने तिला रडू दिलं. "रड, खूप रड," म्हणाली. "पण गोळी घेऊन रड." ऑगस्टातली चक्कर वेगळी होती, तिची भीती नको, हेही डॉक्टरांनी समजावलं. कागदात दोष सापडला म्हणून प्रत्येक चक्कर हृदयाचीच असते असं नाही. पण पळता पळता पडलं, काही न कळता पडलं, तर घरी थांबायचं नाही.

मग घरच्या सगळ्यांचे ईसीजी झाले. नविनच्या कागदातही वीज भरायचा वेळ लांबलेला निघाला. त्यालाही गोळी लागली. आणि वेणूचाही निघाला. सत्तरीची म्हातारी, तिला आयुष्यात कधी साधी भोवळ आली नव्हती.

"म्हणजे माझ्याकडून गेलं," ती म्हणाली. एवढंच. त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटी लागल्या तेव्हा बंदरावर अर्धं गाव होतं. काळूमामा जाळ्याशी बसून पोरांना सांगत होता, "गोळ्या खाऊन कुणी मासेमारी करतं काय? घाबरट झालंय घर." पलीकडे त्याचा नातू पांड्या खाडीत सूर मारत होता.

संगीता पुढे होणार तोच वेणूने तिला हाताने मागे सारलं.

"काळू!" तिचा आवाज असा चढला की मासळीचा लिलाव थांबला. "माझा धर्मेश प्यायलेला नव्हता! सगळ्यांनी ऐका! सगळ्यात आधी ते तूच बोललास. मामा असून बोललास."

"ताई, आता ते उकरून..."

"उकरणार! हा रोग माझ्या अंगात निघालाय. नवऱ्याकडचा नाही, आपल्या आईबापाचा आहे. माझ्यात आहे, तर तुझ्यात असेल. तुझ्या पोरांत असेल." तिने खाडीकडे बोट केलं. "त्याला बाहेर बोलाव."

काळूमामा पाण्याकडे बघत राहिला. पांड्याने बुडी मारली होती आणि तो अजून वर आला नव्हता. मामा उठून उभा राहिला. जाळं त्याच्या मांडीवरून घसरून वाळूत पडलं. पोरगं दहा हातांवर हसत वर आलं, तेव्हा मामाचे पाय गुडघ्याएवढ्या पाण्यात होते आणि तो ओरडत होता, "पांड्या, बाहेर ये! आधी बाहेर ये रे!"

वेणूने त्याचा दंड धरला.

"चल," ती म्हणाली. "रिक्षा उभी आहे. नातवाला घे, पोरांना घे. मी झोपले त्या टेबलावर, आता तू झोप."