असा हा सण, पुढे काही नाही

विषय फळ्यावर होता: माझा आवडता सण. पाचवीच्या वर्गाने मान खाली घालून लिहिलं. चांगले निबंध भिंतीवर लागणार होते, आणि पालकसभेला सगळ्यांचे आईबाप ते वाचणार होते.

बाई लाल पेन वापरत नसत. लाल दिसलं की मुलं फक्त लाल बघतात, असं त्यांचं म्हणणं. हिरवं घेऊन त्या भिंगरीच्या निबंधापाशी आल्या. भिंगरीची आई बस ड्रायव्हर, आणि भिंगरी एका जागी न टिकणारी.

*आम्ही सकाळी उठलो आणि आई गणवेश घालते आणि मी नवा फ्रॉक घातला आणि आम्ही डेपोत गेलो आणि साहेब म्हणाले फुकट बसायचं नाही आणि आईने माझा दिवसाचा पास काढला आणि मी पुढच्या सीटवर बसले.*

हिरव्यात: *तुझं वाक्य कुठे थांबतच नाही, माझा दम गेला. मोठ्याने वाच. जिथे श्वास घेशील तिथे पूर्णविराम दे. आणि बघ, उठलो, घातला, गेलो, सगळं घडून गेलंय. 'घालते' एकटंच आजमध्ये राहिलंय. त्यालाही त्या दिवशी घेऊन जा.*

*बसमधली माणसं खूप छान होती.*

हिरव्यात: *छान म्हणजे कशी? मी त्या बसमध्ये नव्हते. मला दाखव.*

भिंगरीने दाखवलं. *एक काका नव्या पँटची इस्त्री मोडू नये म्हणून सीट रिकामी असून उभे होते. सगळे आईला म्हणत होते, जरा दामटा, घरी वाट बघतायत. आईला कोणी विचारलं नाही की तुमची कोण वाट बघतंय. मी तिच्या मागच्याच सीटवर होते.*

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं, कारण शेवट असा होता:

*संध्याकाळी बस डेपोत लावली. आई स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली. मी थांबले.*

हिरव्यात: *शेवट राहिला. 'असा हा सण मला फार फार आवडतो' असं लिहून बघ.*

वर्गातल्या बाकी सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. दरवर्षी लिहितात. बाईंनीही लहानपणी लिहिलं होतं.

मधल्या सुट्टीत भिंगरी टेबलापाशी आली. पूर्णविराम दिले होते, 'घालते' दुरुस्त केलं होतं. खालची जागा कोरी.

"हे राहिलं की गं."

"ते नाही लिहिणार."

"का बरं?"

"आवडला नाही म्हणून."

"अगं, विषयच आवडता सण आहे."

"विषय तुम्ही लिहिलाय बाई. मला कुठे विचारलंत?"

बाईंना हसू आलं, ते त्यांनी गालातच ठेवलं. "बरं. मग कसा होता तो दिवस?"

"लांब. पण मी दिवसभर आईजवळ होते. एरवी असते का?"

"मग हेच लिही ना."

"लिहिलंय की. मी थांबले, असं."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. लिहिलं होतं खरं.

निबंध भिंतीवर लागला. दुपारी मुख्याध्यापिका, सगळ्यांच्या मोठ्या बाई, फेरीवर आल्या आणि त्यांनी टाचण्या काढून तो हातात घेतला.

"याला शेवट नाही."

"आहे, मोठ्या बाई. नेहमीचा नाही एवढंच."

"पालक येणार आहेत. सणाच्या दिवशी दमलेली आई काय लावायची भिंतीवर? एक ओळ घाला आणि लावा. तुमच्या अक्षरात घातली तरी चालेल."

भिंगरी दारातच होती. तिने बाईंकडे पाहिलं. रडली नाही, विनवलं नाही. बघत राहिली, पास दाखवून उभ्या राहिलेल्या प्रवाशासारखी.

बाईंनी निबंध परत घेतला. हिरवं पेन उघडलं. मोठ्या बाई समाधानाने पुढच्या भिंतीकडे वळल्या.

बाईंनी आपलीच सूचना खोडली. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: *ही दुरुस्ती माझी चुकली. शेवट म्हणजे गोड बोलणं नव्हे. वाचणाऱ्याला कुठे उतरवायचं ते लिहिणारी ठरवते. तू बरोबर उतरवलंस.*

आणि निबंध भिंतीवर धरून टाचण्या टोचल्या. चारही.

"हे काय केलंत?" मोठ्या बाई मागे वळल्या.

"निबंध तपासला," बाई म्हणाल्या. "काढायचा असेल तर तुम्ही काढा. मी परत लावीन."

पालकसभेला भिंगरीची आई गणवेशातच आली, फेरी संपवून. निबंध अजून भिंतीवर होता. तिने तो वाचला, मग हिरवं वाचलं, मग पुन्हा निबंध.

"माझी झोप आणलीस होय गं चव्हाट्यावर?"

"झोपली कुठे होतीस. डोळे मिटले होतेस."

"तेही खरंच." आईने सुटत आलेली एक टाचणी अंगठ्याने दाबून बसवली. "चल, पुढची फेरी आहे. येतेस?"

भिंगरी आधीच दारात होती.