गप्प केलेलं नाक

मास्तर खाली बसला नाही, आणि यात काहीतरी चुकलंय हे फक्त धाकटीला कळलं.

मास्तर म्हणजे कुत्रा. गॅस कंपनीच्या गळती शोधणाऱ्या पथकातला, तपकिरी, लांब कानांचा, सहा वर्षांचा. चूक केलेल्या पोराच्या बाकापाशी मास्तर जसे नेमके थांबतात तसा हा गळतीपाशी थांबतो, म्हणून ते नाव. त्याचा नियम एकच. वास सापडला की खाली बसायचं आणि चेंडू मिळेपर्यंत हलायचं नाही. त्याचा पट्टा धरणारी बाई म्हणजे धाकटी. कामावर तिला कुणी नावाने हाक मारत नसे. तिची थोरली बहीण याच गल्लीत राहायची आणि पथक या भागात आलं की खिडकीतून ‘ए धाकटे’ म्हणून ओरडायची. पथकाने तेच नाव उचललं.

त्या सकाळी साडेदहाला पथकाचा मुकादम तिला म्हणाला होता की या भागातल्या गॅसच्या नळातला दाब अजून उतरतोय. म्हणजे कालची दुरुस्ती पुरेशी नव्हती आणि आणखी कुठेतरी गॅस गळतोय. चार गल्ल्या तपासायच्या होत्या. दोन निर्धोक निघाल्या. तिसरी ताईची.

कोपऱ्यापासून तीस पावलांवर पदपथाला एक भेग होती. तिथे मास्तरचा श्वास बदलला. एरवी तो सावकाश हुंगत चालतो, पण तिथे श्वास तुटक झाला, सेकंदाला पाच-सहा, शिवणयंत्र चालावं तसा. शेपूट ताठ झाली, मान झटक्यात भेगेकडे वळली. मग त्याने मान वर करून धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. आणि पुढे चालू लागला.

मुकादमाला यात काही वावगं वाटलं नाही. कुत्रा बसला नाही म्हणजे गॅस नाही, इतकं साधं गणित. धाकटी मात्र जागच्या जागी थिजली, कारण काल दुपारी मास्तर याच भेगेपाशी बसला होता. एकदा नाही, तीनदा.

काल कोपऱ्यावरचा फुटलेला सांधा बदलून झाल्यावर शेवटची फेरी चालली होती. मास्तर बसला, मुकादमाने भेगेवर गॅस मोजायचं मापक धरलं, काटा हलला नाही. धाकटीने शहाणपण दाखवलं. म्हणाली, जुना वास असेल, गळती बंद झाली तरी मातीत दोन-चार दिवस राहतो. हे खोटं नव्हतंच, पथकात सगळे हे शिकलेले असतात. मास्तर दुसऱ्यांदा बसला तेव्हा ती ‘नाही’ म्हणाली. तिसऱ्यांदा तिने पट्ट्याला हिसका दिला. चेंडू खिशातच राहिला. सगळे दमले होते, मुकादम घड्याळ बघत होता, आणि ताई खिडकीतून विचारत होती की आता घरात शेगडी पेटवू का. धाकटीने हात वर करून सांगितलं, पेटव.

माणसाला एखादी गोष्ट पटवायला वर्ष लागतं, कुत्र्याला तीन वेळा पुरतात. इथला हा वास आपल्या बाईंना नको आहे, उलट त्या चिडतात, एवढं मास्तर काल शिकला. त्याचं नाक चोख होतं. ते धाकटीनेच गप्प केलं होतं.

ती मुकादमाला सगळं सांगून मोकळी झाली. मुकादम हा तीस वर्षांचा जुना गडी, माझं नाक हेच माझं यंत्र म्हणून मिरवणारा. तो भेगेवर ओणवा झाला, डोळे मिटून भरपूर हुंगला आणि म्हणाला, ओल्या मातीचा वास आहे, बाकी काही नाही. धाकटीला त्याचा रागच आला. आपल्याला वास येत नाही म्हणजे वास नाही, ही माणसाची जुनी घमेंड. गॅसला स्वतःचा वास नसतोच. कंपनी त्यात घाण वासाचं औषध मिसळते, आणि गॅस जमिनीतून झिरपत गेला की माती ते औषध धरून ठेवते. पलीकडे पोचतो तो जवळजवळ निर्वास गॅस. त्यात उरलेला वासाचा कणभर अंश आपल्या नाकाला नसल्यातच जमा, पण मास्तरला पुरतो. आपण श्वास सोडला की समोरचा वास उडवून लावतो. त्याचा सुटलेला श्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागे जातो, त्यामुळे समोरचा वास जागीच राहतो. आपल्याला स्वयंपाकघरात एकच काहीतरी शिजल्याचा वास येतो. त्याला कांदा निराळा, तेल निराळं, भांडं घासलेला साबणही निराळा.

“मग त्याला परत विचार,” मुकादम म्हणाला.

“मी विचारलं तर तो माझं तोंड बघून उत्तर देईल.”

आधी मास्तरचा विश्वास परत आणायला हवा होता. वाऱ्याच्या उलट बाजूला, दोन गल्ल्या दूर, गाडीच्या आडोशाला मुकादमाने सरावाची डबी लपवली. तिच्या भोकं पाडलेल्या झाकणाखाली त्याच वासाच्या औषधाचा कापूस होता. डबी कुठे आहे हे त्याने धाकटीला सांगितलं नाही, कारण पट्टा धरणाऱ्याला उत्तर माहीत असलं की कुत्रा वासाआधी त्याचा चेहरा वाचतो. मास्तर डबीपाशी गेला. थबकला. पुन्हा तिच्याकडे बघितलं. धाकटी आकाशाकडे बघत उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो चाचरत बसला, आणि तिने चेंडू इतक्या जोरात फेकला की खांदा दुखावला. दुसऱ्यांदा तो जरा लवकर बसला. तिसऱ्यांदा झटकन. तोवर सव्वाअकरा झाले होते.

डबी बंद करून गाडीत ठेवली, हात धुतले, आणि ती ताईच्या गल्लीत परतली. तिने मास्तरच्या गळ्यातला पट्टा सोडला, ‘शोध’ म्हणाली आणि गल्लीकडे पाठ करून उभी राहिली. आता तिला कुत्रा दिसत नव्हता आणि कुत्र्याला तिचा चेहरा. पुढचं मुकादम हलक्या आवाजात सांगत होता.

भेगेपाशी गेला. बसला. धाकटीने मागे न वळता डोक्यावरून चेंडू फेकला. आता चेंडू टाकून पुढे निघाला. भिंतीकडेने चाललाय. पहिलं घर सोडलं. मागे आला. नाक वर केलंय. वाऱ्यातून वास हरवतोय, पुन्हा धरतोय, नागमोडी चाललाय. दुसरं घर सोडलं. धाकटी मनातल्या मनात घरं मोजत होती. ताईचं चौथं होतं. तिसऱ्या घरापाशी थांब, असं ती त्या मुक्या जनावराला मनातून विनवत होती, आणि तिसऱ्या घरातल्या माणसांनी हिचं काय घोडं मारलं होतं, याची तिला शुद्ध नव्हती.

तिसरंही सोडलं, मुकादम म्हणाला. तिला मास्तरचा श्वास एवढ्या लांबून ऐकू आला, तोच तुटक, घाईचा. मग तो आवाज थांबला.

“बसला,” मुकादम म्हणाला. “तुझ्या ताईच्या जिन्याखाली जाळी आहे ना, तिथे.”

मुकादमाने मापकाची नळी जाळीतून आत सरकवली. काल ढिम्म न हललेला काटा भरभर चढला आणि लाल पट्ट्यात जाऊन थरथरत राहिला. विजेच्या तारा नेण्यासाठी टाकलेला एक जुना, आता रिकामा पडलेला नळ पदपथाखालून थेट जिन्याखालच्या खोलीत उघडत होता, आणि वर फरशी पक्की असल्यामुळे गॅसला तोच एक रस्ता होता. मुकादमाने पुन्हा एकदा नाक जाळीला लावलं. त्याला काहीही वास आला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो झटकन उठून बाकीच्या घरांची दारं हाताने ठोठावायला धावला.

जिन्याखालच्या त्या खोलीत ताईच्या पाण्याची मोटर होती. ती बरोबर बाराला आपोआप सुरू व्हायची. मागच्याच महिन्यात घड्याळाची कळ बसवून घेतली म्हणून ताईने धाकटीला ती तीनदा दाखवली होती. आणि मोटर सुरू होताना आत ठिणगी पडते. घड्याळात अकरा छत्तीस झाले होते.

धाकटीने विजेच्या घंटीला हात लावला नाही. दारावर मुठी आपटल्या. ताई दार उघडून म्हणाली की दार मोडतेस का, आणि आज सगळ्या गल्लीची दारं का बडवताय. धाकटीने तिला बाहेर ओढलं. घरात गॅस आहे म्हटल्यावर ताईने नाक मुरडलं. दूध उतू जायच्या आधी मला शेजारच्या खोलीत कळतं, गॅस असता तर कळला नसता का, हे तिचं म्हणणं. परवा सकाळी जरा सडका वास आला होता, पण तो लगेच गेला.

“तो वास कोपऱ्यावरच्या गळतीचा, ताई. हा गॅस मातीतून झिरपत आलाय, त्याला वास उरलेलाच नाही.”

ताईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आता कुठे तिला खरं वाटलं. म्हणून ती जास्त शहाणपणाने वागायला गेली. मोटरची कळ बंद करून येते, म्हणाली आणि जिन्याकडे वळली. धाकटीने तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. कळ बंद केली तरी ठिणगी पडतेच. ताईच्या बांगड्या तिच्या तळव्यात रुतल्या.

वीज बाहेरूनच, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेटीतून तोडायला हवी होती. मुकादमाने लांब जाऊन वीजवाल्याला फोन केला होता. निघालोय, असं वीजवाला म्हणाला, पण पोचला का ते कळेना. सगळी गल्ली दोन कोपरे पलीकडे मैदानात उभी होती. मास्तर चेंडू चावत बसला होता आणि त्याच्या दातांचा आवाज तेवढा येत होता.

अकरा पंचावन्न. अठ्ठावन्न. ताईने विचारलं, “काल तू म्हणालीस ना, पेटव म्हणून?”

थाप मारायला जागा होती. यंत्र शून्य दाखवत होतं, हे खरंच होतं.

“काल यानं सांगितलं होतं,” धाकटी म्हणाली. “तीनदा. मीच त्याला गप्प केलं.”

ताईने नजर मास्तरकडे वळवली. बारा वाजले. धाकटीने डोळे मिटले आणि ऐकत राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग पलीकडून कुणीतरी ओरडलं की पेटी बंद आहे, पावणेबारालाच तोडली, फोन लागत नव्हता. एक म्हातारी मातीतच बसली.

गळणारा गॅसचा नळ खणून सांधायला आणि खोली वारा देऊन मोकळी करायला संध्याकाळ झाली. मापक शून्यावर आलं, मुकादमाने प्रत्येक घरात फिरून पाहिलं, दोनदा. माणसं आपापल्या घरी गेली. ताई मात्र उंबऱ्याबाहेर उभी होती. धाकटी म्हणाली, मास्तरला घेऊन सगळ्या खोल्या फिरून येते, मग तू निर्धास्त झोप.

ताईने मास्तरच्या डोक्यावरून हात फिरवला. आवाजात राग नव्हता, तेच धाकटीला जास्त लागलं.

“तू नको येऊस आत,” ताई म्हणाली. “त्याला एकट्याला पाठव.”

धाकटी खाली वाकली आणि तिने पट्टा सोडला.