पहिली गोण

पावसाळ्यानंतरचा पहिला मालाचा पडाव धक्क्याला लागला, तेव्हा सुभद्रा पोराला कडेवर घेऊन नवऱ्याच्या मागोमाग बंदरावर आली. तिने यायला नको होतं. पण लवूवर तिचा भरवसा नव्हता.

मे महिन्यात पडावातून धक्क्यावर टाकलेल्या याच फळीवरून लवू गोणीसकट खाली दगडांवर पडला होता. उजव्या नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, नवा एक्स-रे झाला, तेव्हा सुभद्राच म्हणाली होती, "डॉक्टर, मराठीत लिहा. मुकादमांना वाचता यायला हवं." डॉक्टरांनी लिहिलं: हाड सांधलं आहे. पंधरा सप्टेंबरपासून बसून करायच्या हलक्या कामास योग्य. दहा किलोंपेक्षा जास्त ओझं, फळी, शिडी, ओले दगड वर्ज्य. सत्तावीस ऑक्टोबरला फेरतपासणी. तोवर पूर्ण कामास योग्य समजू नये.

आता धक्क्यावर मुकादम डॉमिंगोने तो कागद वाचला आणि घडी करून परत दिला.

"गोणी शिवूक बसवतंय उद्यापासून. पण आज पयली गोण लवूचीच."

टोळीचा रिवाज तसाच होता. गेल्या हंगामात जो पडला, त्यानेच नव्या हंगामाची पहिली गोण उतरवायची. नाहीतर पडणं फळीवरच राहतं, पुढच्याला धरतं. हमाल पडावाजवळ थांबले होते. फळीवर कुणीच पाय ठेवत नव्हतं.

"एकच गोण गो," धक्क्याच्या कठड्यावर बसलेला लवू हळूच म्हणाला. "माझ्यापायी सगळी टोळी रिकामी रवतली."

"आणि परत पाय मोडलो तर?"

"माका आता काय दुखणा नाय."

"दुखणा नाय म्हणान हाड घट झाला?" तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "डॉमिंगोबाब, गोणीक ह्येंचो हात लागूक होयो ना? मग गोण ह्येंच्याकडे येऊ दे."

मागून हमालांतला बाबू हसला. "आता बायल मुकादम झाली."

डॉमिंगोने फळीकडे पाहिलं. मग त्याने टोपी काढून लवूच्या मांडीवर ठेवली.

"तू बस थंयच. पयली मी आणतंय. हात लाव आणि सोड. काय वायट झाला तर माझ्यार."

साठीचा माणूस फळीवर चढला. परतताना पाठीवर गोण होती, आणि फळी मधोमध वाकली. डॉमिंगोचा गुडघा लटपटला. लवू झटकन उठायला गेला, उजव्या पायावर भार देऊन. सुभद्राने मोकळ्या हाताने त्याचा खांदा दाबून धरला.

"बसा."

डॉमिंगो जमिनीवर आला. गोण लवूपुढे टेकली. लवूने तिच्यावर तळवा ठेवला, आणि मागची रांग हलली. बाबूच पहिला फळीवर चढला, पण वर चढताना त्याने एकदा लवूच्या पायाकडे पाहिलं.

सुभद्राने खांद्यावरचा हात अजून काढला नव्हता. सत्तावीस ऑक्टोबर अजून फार लांब होता.